विषय : गणिताच्या जादा तासांऐवजी चित्रकला निवडल्याबाबत

सावंतवाडी

आदरणीय बाई,
सादर प्रणाम.

गणिताच्या जादा तासांऐवजी मी चित्रकला हा ऐच्छिक विषय का निवडला, हे आपणांस कळावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. गणित मला आवडते आणि त्याचा सराव घरी होतो. रेषेवरचा हात मात्र कोणी शेजारी बसून सुधारल्याशिवाय बसत नाही. आपल्या गावच्या दशावतारी गंजिफ्याचे 120 गोल पत्ते हाताने रंगवले जातात. राजवाड्यात एका कारागिराला बारीक कुंचल्याने मत्स्यावताराचे खवले एकेक करून भरताना पाहिल्यापासून ही कला रीतसर शिकावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. आईबाबांची संमती आहे. कृपया माझी निवड कायम ठेवावी, ही नम्र विनंती.

आपली विद्यार्थिनी,
इयत्ता नववी, तुकडी ब