वैशाली अशोक निकम : पत्रकार व संपादक (शेती, पाणी, बाजारसमित्या)

अर्ज : सहायक संपादक, ग्रामीण विभाग
वास्तव्य : नाशिक. कामासाठी निफाड, येवला, सुरगाणा, बागलाण या तालुक्यांत नियमित फिरती.
दूरध्वनी, ईमेल, आतापर्यंतच्या संस्थांची अनुभवपत्रे आणि लेखांची कात्रणे अर्जासोबतच्या पाकिटात आहेत.

थोडक्यात

२०१६ पासून मराठी पत्रकारितेत आहे. पहिली तीन वर्षे वार्ताहर म्हणून काढली, नंतर डेस्कवर आले. सध्या एका मराठी वृत्तसंकेतस्थळावर वरिष्ठ उपसंपादक आहे. दिल्लीत किंवा मुंबईत निघालेला आदेश शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीवर कुठल्या ओळीत उतरतो, हे शोधून लिहिणे हा माझा मुख्य विषय. बातमी लिहिण्याइतकाच वेळ दुसऱ्यांच्या बातम्या दुरुस्त करण्यात जातो आणि ते काम मला कमी दर्जाचे वाटत नाही.

निवडक प्रकाशित काम

*एका ट्रॉलीचा हिशेब* (डिसेंबर २०२३, तीन भाग)
केंद्राने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा लासलगावच्या आवारात ऐन हंगामातला लाल कांदा येत होता. भाव पडल्याची बातमी सगळ्यांनीच दिली. मी एका ट्रॅक्टरसोबत गेटपासून लिलावापर्यंत आणि तिथून व्यापाऱ्याच्या खळ्यापर्यंत गेले. लिलावात पुकारलेला भाव आणि हातात पडलेली रक्कम यांत फरक का पडतो, हे हिशेबपट्टीचा फोटो छापून ओळीओळीने दाखवले : वजन, हमाली, तोलाई आणि खळ्यावर माल ओतल्यावर निघालेला ‘वांधा’. पुढे एप्रिल २०२४ मध्ये हमाली-तोलाईच्या कपातीवरून जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, तेव्हा ही मालिका वाचकांनी स्वतःहून पुन्हा फिरवली.

*बंदी उठली, मग कांदा का हलेना?* (मे २०२४)
४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क ही अट सोबत आली. त्या वेळच्या विनिमय दराने हे दोन्ही धरले की किलोला साधारण ६४ रुपयांच्या आत माल देशाबाहेर जाणे कठीण, एवढे साधे गणित चौकटीत मांडले. मथळ्यात ‘दिलासा’ हा शब्द वापरू दिला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्याची अट निघाली व शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून शुल्कही गेले. प्रत्येक टप्प्यावर तोच लेख तारखेसह अद्ययावत केला.

*जायकवाडीला पाणी : भांडण नेमके कशाचे?* (ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३)
नाशिक-नगरच्या धरणांतून ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाल्यावर लिहिलेला प्रश्नोत्तरी लेख. २००५ चा जलसंपत्ती नियमन कायदा, समन्यायी वाटपाचे कलम, ६५ टक्क्यांची अट आणि मेंढेगिरी समितीचे तक्ते हे सारे वाचकाला रोजच्या भाषेत कळावे, हा उद्देश. नाशिककर वाचक रागावले आणि मराठवाड्यातलेही रागावले, त्यामुळे तोल बरा साधला असावा असे मानते.

*चालून आलेल्यांचे दावे* (२०१८ आणि २०१९)
मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेल्या किसान मोर्चासोबत वार्ताहर म्हणून मुंबईपर्यंत होते. दहावीच्या मुलांना परीक्षेच्या दिवशी त्रास नको म्हणून मोर्चेकरी रात्रीच आझाद मैदानाकडे निघाले, ती बातमी तेव्हा सर्वत्र गाजली. माझ्या लेखी जास्त महत्त्वाचा आहे तो वर्षभरानंतरचा पाठपुरावा. सुरगाण्यातल्या कुटुंबांचे वनहक्काचे दावे ग्रामसभा, उपविभागीय समिती, जिल्हा समिती यांपैकी कुठल्या पायरीवर थांबले, हे माहिती अधिकारातून आणि प्रत्यक्ष भेटींतून लिहिले.

याशिवाय द्राक्षबागांची गारपीट, पीकविम्यासाठी ७२ तासांत कळवण्याची अट, पैसेवारी कशी ठरते, यांवर छोटे सेवालेख वेळोवेळी लिहिले आहेत.

संपादनाचा अनुभव

२०१९ ते २०२२ : जिल्हा आवृत्तीत उपसंपादक. तालुका वार्ताहरांची कॉपी, आतली दोन पाने लावणे, रात्रपाळी.
२०२२ पासून : वृत्तसंकेतस्थळ. ग्रामीण विभागाचे नियोजन, मथळे, तथ्यतपासणी, साप्ताहिक ईमेल-पत्र.

कशा प्रकारे संपादन करते याचा एक नमुना. आलेली कॉपी : ‘अवकाळीने बळीराजा हवालदिल, शेतकऱ्यांमध्ये संतापाची लाट, मोठ्या प्रमाणावर नुकसान.’ वार्ताहराला तीन फोन केल्यावर गेलेली बातमी : ‘निफाडच्या चार गावांत काढणीला आलेल्या द्राक्षांचे मणी तडकले, पंचनामे सुरू, पण तलाठी एकच.’ शब्द चारच वाढले, पण आता वाचणाऱ्याला काहीतरी कळते. वार्ताहरांसाठी तयार केलेल्या दोन पानी टिपणात हेक्टर-एकर-गुंठे, क्विंटल-टन, टीएमसी-दशलक्ष घनफूट यांची रूपांतरे आणि ‘बळीराजा’सारख्या टाळायच्या शब्दांची यादी आहे. विभागात ते अजून वापरात आहे.

नवख्या वार्ताहरांची कॉपी परत पाठवताना कारण लिहून पाठवते. वेळ जातो, पण पुढच्या महिन्यात तोच फोन करावा लागत नाही.

वाचक आणि पोच

‘शेतीचा हिशेब’ या साप्ताहिक ईमेल-पत्राचे सुमारे ९,४०० वर्गणीदार आहेत. निर्यातबंदीची मालिका संकेतस्थळावर लाखावर वाचली गेली. व्हॉट्सॲपवर फिरलेले फोटो मोजता येत नाहीत, म्हणून त्याचा आकडा देत नाही. वाचनसंख्येपेक्षा मला मोलाचे वाटते ते वाचकांनी पाठवलेल्या हिशेबपट्ट्या. पुढच्या बातम्यांचे बरेच धागे त्यांतूनच मिळाले आहेत.

भाषा आणि साधने

मराठी आणि हिंदी उत्तम. इंग्रजीतले शासकीय आदेश व न्यायालयीन निकाल वाचून त्यांचा मराठी सारांश करते. अहिराणी बोलता येत नाही, पण नीट समजते. बागलाण-मालेगावकडे तेवढ्याने निभावते. इनडिझाइन, वर्डप्रेस, एक्सेल. श्री-लिपी व युनिकोड दोन्हींत टंकलेखन. मोबाइलवर व्हिडिओ चित्रित करते, संपादन मात्र जुजबी.

शिक्षण

पत्रकारिता पदव्युत्तर, रानडे इन्स्टिट्यूट, पुणे (२०१६). अर्थशास्त्रात बी. ए., नाशिक (२०१४).

कामाच्या अटींबद्दल

जाहिरातवजा मजकूर स्वतःच्या नावाने लिहीत नाही. ‘उद्या भाव काय राहील’ असे अंदाजही देत नाही. बाजारात आलेली आवक आणि निघालेले भाव देते. पूर्णवेळ नोकरीला प्राधान्य आहे, मुख्यालय नाशिक किंवा पुणे चालेल, पण महिन्यातला काही काळ फिरतीसाठी लागेल. सध्याच्या ठिकाणी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते. दोन माजी संपादकांचे संदर्भ मुलाखतीच्या वेळी देईन.