गुरुवारच्या रिजेक्शन मीटिंगला येणं जमणार नाही, सध्याची परिस्थिती खाली लिहिली आहे

पाटील साहेब, नमस्कार.

गुरुवारी दुपारी 3 च्या मीटिंगचं निमंत्रण मिळालं. मला येता येणार नाही. बुधवारी रात्री 2 नंबर फर्नेसचं लायनिंग रॅमिंग होऊन गुरुवारी सकाळपासून सिंटरिंग सुरू होतंय. एकदा पॉवर दिली की टेंपरेचर हळूहळूच चढवावं लागतं, घाई केली तर पहिल्याच हीटला लायनिंग तडकतं. ते सोडून शिरोलीहून शहरातल्या ऑफिसला यायला मन धजत नाही. माझ्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवत नाही. प्रश्न तुम्ही मलाच विचारणार, आणि तो माणूस उगाच ताटकळेल.

मीटिंगमध्ये जे सांगणार होतो ते असं.

पंप हाउसिंगमधले ब्लो होल दोन जागी येत होते. आतल्या बाजूचे कोअरमुळे होते. कोटिंग मारताना व्हेंट बुजायचे, मग धातू ओतल्यावर कोअरमधला गॅस प्रिंटमधून बाहेर न पडता कास्टिंगमध्ये घुसायचा. आता कोटिंग सुकल्यावर प्रत्येक व्हेंटमधून तार फिरवतो, आणि कोअर बसवायच्या आधी मोल्डर स्वतः बघून घेतो. या आठवड्यात फेटलिंगमधून आतल्या बाजूचा एकही पीस परत आलेला नाही. तरी मशिनिंगवरून रिपोर्ट आल्याशिवाय मी हे मिटलं म्हणणार नाही. बारीक होल कातल्यावरच दिसतात.

वरच्या बाजूचे अजून येतात. तिथं सँड ओली आहे. सकाळच्या पाळीत मॉइश्चर 4.6 टक्के निघालं, आपल्याला 3.5 च्या आसपास हवं. नवी वाळू शेडबाहेर पडलीय, आणि आषाढातला पाऊस ताडपत्रीला काही जुमानत नाही. तोवर मिक्सरला पाणी कमी करून चालवतोय, पण ते हातच्या अंदाजावर आहे, प्रत्येक पाळीत तसंच जमेल असं नाही.

तुमचा निर्णय एवढ्यासाठीच हवा आहे: वाळूच्या ढिगावर पत्र्याची शेड वाढवायची, की पावसाळाभर वाळवलेली वाळू घ्यायची. माझं मत शेडच्या बाजूनं आहे, खर्च एकदाच होईल. पत्रेवाल्याचं कोटेशन आणि पाळीवार मॉइश्चरचा तक्ता उद्या संध्याकाळपर्यंत मेल करतो. ते बघून फोनवर सांगितलंत तरी काम पुढं सरकेल.

समोरासमोर बोलायचं असेल तर शुक्रवारी सकाळी 10 वाजता मी मोकळा आहे, वीस मिनिटं पुरतील. तुम्हीच प्लांटवर आलात तर जास्त बरं, फेटलिंगमध्ये रिजेक्ट पीस बाजूला काढून ठेवतो. शुक्रवार जमत नसेल तर शनिवारी 4 नंतर कधीही चालेल.

खरेदी विभागाला मीटिंगला बोलावलं असेल तर हाच मेल त्यांनाही पाठवाल का? वाळूचा विषय त्यांच्याकडेच जाणार आहे.

आपला,
संदीप
मेल्टिंग व सँड प्लांट