आठवी विज्ञान, ४० मार्कांच्या पेपरची ब्लूप्रिंट

चारही युनिटना सारखेच तास दिलेत, म्हणून प्रत्येकी १० मार्क. एकूण स्मरण १४, उपयोजन १६, विश्लेषण १०, खाली त्याच क्रमाने.

बल आणि दाब: ३, ५, २
धातू-अधातू: ३, ४, ३
पेशी: ५, २, ३
ध्वनी: ३, ५, २

पेशीला स्मरण जास्त, कारण भागांची नावंच नाही आली तर पुढचं काय लिहिणार, पण विश्लेषणाला अनोळखी आकृती देऊन वनस्पतीची की प्राण्याची ते कारणासकट विचारा. दाबाचं गणित वर्गातलंच आकडे बदलून नको, ते उपयोजनात धरणार नाही. ध्वनीत वीज दिसल्यावर गडगडाट किती सेकंदांनी आला त्यावरून अंतर. धातूंना निरीक्षणांचा तक्ता द्या, पदार्थ मुलं ओळखतील.