विषय : एप्रिल २०२६ पासूनच्या पगारवाढीबाबत विनंती

दि. १६ मार्च २०२६

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या पगारवाढीचे आकडे या महिनाअखेर ठरतात, म्हणून त्याआधी लिहीत आहे. माझा सध्याचा पगार २६,४६० रुपये आहे. तो ३४,००० करावा, अशी विनंती आहे. गेली दोन वर्षं मला इतरांप्रमाणेच पाच-पाच टक्के वाढ मिळाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण २०२३ मध्ये २४,००० रुपये ठरले तेव्हा माझ्याकडे खरेदीची बिलं, बँक आणि कॅशबुक एवढंच काम होतं. आजचं काम त्यापेक्षा बरंच वेगळं आहे.

सगळ्यात मोठा फरक पगारपत्रकाचा. ऑगस्ट २०२४ मध्ये ते काम बघणारे सहकारी सोडून गेले. "नवीन माणूस मिळेपर्यंत दोन-तीन महिने सांभाळ," असं आपण म्हणालात आणि मी हो म्हटलं. ती जागा भरली गेली नाही. सप्टेंबर २०२४ ते फेब्रुवारी २०२६ असे अठरा महिने ६४ जणांची हजेरी, ओव्हरटाइम, पगार, पीएफ आणि ईएसआय मी करते आहे. दोन्हीची चलनं दर महिन्याला १५ तारखेच्या आत भरली गेली. व्याज किंवा दंड एकदाही लागला नाही. जुलै २०२५ मध्ये दोन ऑपरेटरांचा ओव्हरटाइम माझ्याकडून कमी धरला गेला होता. तो पुढच्या पगारात दिला, आणि तेव्हापासून पगार बँकेत जाण्याआधी ओव्हरटाइमचा तक्ता सुपरवायझरकडून तपासून घेते.

१ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइसची मर्यादा पाच कोटींवर आली आणि आपण त्यात आलो. पोर्टलवरची नोंदणी, टॅलीची जोडणी आणि डिस्पॅचच्या दोघांना शिकवणं हे मीच केलं. सुरुवातीला ई-वे बिलासाठी गाडी गेटवर तासभर उभी राहायची. आता गाडी भरून होईपर्यंत कागद तयार असतात.

जीएसटीच्या बाबतीत एकच उदाहरण देते. ऑक्टोबरमध्ये २बी जुळवताना तळवड्याच्या एका पुरवठादाराचं २,३०,००० रुपयांचं बिल कुठेच दिसेना. माल आलेला, बिल फाइलला, पैसेही दिलेले. फोनवर त्यांच्या अकाउंटंटबरोबर एकेक ओळ बघितली, तेव्हा कळलं की त्यांनी आपला जीएसटी क्रमांक न टाकता ते बिल बी-टू-सीमध्ये दाखवलं होतं. पुढच्या रिटर्नमध्ये त्यांनी दुरुस्ती केली आणि ४१,४०० रुपयांचं क्रेडिट आपल्याला मिळालं. पूर्वी ही जुळवणी वर्षाअखेरीला व्हायची. आता ती दर महिन्याला, ३बी भरण्याआधी होते. लघुउद्योग पुरवठादारांना ४५ दिवसांच्या आत पैसे गेले नाहीत आणि मार्चअखेरही ते थकलेले राहिले, तर त्या वर्षी तो खर्च आयकरात धरत नाहीत. त्यासाठी उद्यम क्रमांकासह एक तक्ता ठेवला आहे आणि दर सोमवारी तो आपल्या टेबलावर येतो. मार्च २०२५ च्या ऑडिटमध्ये या कारणाने एकही रक्कम नामंजूर झाली नाही.

३४,००० हा आकडा मी असा काढला : भोसरी-चाकण भागात जीएसटी आणि पगारपत्रक दोन्ही सांभाळणाऱ्या जागांच्या ज्या चार जाहिराती मला दिसल्या, त्यांत ३२ ते ३६ हजार लिहिलं होतं. त्याच्या मधला आकडा धरला आहे. मी कुठेही अर्ज केलेला नाही, हेही स्पष्ट सांगते. पाच वर्षांपूर्वी इथे आले तेव्हा मला टॅलीमध्ये व्हाउचर टाकण्यापलीकडे फारसं येत नव्हतं. बाकीचं इथेच शिकले आणि मला इथेच काम करायचं आहे.

वाढ साडेअठ्ठावीस टक्क्यांची होते, म्हणजे वर्षाला ९०,४८० रुपये. एकदम मोठी आहे याची मला कल्पना आहे. यंदा ऑर्डरी थोड्या कमी आहेत, हेही बिलांवरून मला दिसतंच. त्यामुळे एप्रिलपासून ३१,००० आणि ऑक्टोबरपासून ३४,००० असे दोन टप्पे केले तरी चालेल; फक्त ते आत्ताच लेखी ठरावं. तेही शक्य नसेल तर पगारपत्रकाचं काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं. ते शिकवण्याची जबाबदारी मी घेईन.

२० तारखेला ३बी भरून झालं की सोमवारी, २३ मार्चला, दुपारी चारनंतर आपण वीस मिनिटं द्याल का? चलनांच्या पावत्या आणि २बीच्या जुळवणीचे तक्ते सोबत घेऊन येईन.

आपली विश्वासू,
सुजाता
लेखा विभाग

सोबत : सप्टेंबर २०२४ पासूनच्या कामांची महिनावार यादी (दोन पानं)