मृतसाठा : उजनीच्या तळाशी राहिलेल्या गावाची कादंबरी

मे 2016. उजनी धरण मायनसमध्ये गेलंय. पळसदेवचं एरवी शिखरापुरतं दिसणारं देऊळ पायापर्यंत उघडं पडलंय आणि भीमेच्या काठच्या धरणग्रस्तांच्या घरांत एकच विषय आहे : औंदा आपलं जुनं गावठाण वर येणार का?

बाभुळवाडीची म्हातारी माणसं रोज संध्याकाळी भेगाळलेल्या गाळातून चालत जातात आणि पाणी कुठवर हटलं ते बघून येतात. कुणाला मारुतीचा पार बघायचाय, कुणाला आपल्या घराचा उंबरा. साठीची कुसुम तेवढी जात नाही. सगळा तालुका पावसाची वाट बघतोय, पण कुसुमची घाई वेगळी आहे. पाणी चढायला हवं, तेही तिचं घर उघडं पडायच्या आत.

तिचा नवरा दत्तू, वेशीला पहिल्यांदा पाणी लागलं त्या रात्री बैलं सोडवायला म्हणून मागे फिरला, तो परत आला नाही. बुडाला, असं गाव म्हणतं. कुसुमही तेच सांगत आली.

नातू अमोल भिगवणकडे रोहित पक्षी बघायला येणाऱ्यांना होडीतून फिरवतो. पाणी आटलं, होडी टेकली, म्हणून रिकाम्या दिवसांत तो पर्यायी जमिनीचे जुने कागद काढायला सोलापूरला जातो. तिथे त्याला मोबदल्याची एक पावती मिळते. नाव आजोबांचं, तारीख त्या रात्रीनंतर तीन वर्षांची. खाली अंगठा.

दत्तू सातवी पास होता. सही झोकात करायचा.

"आम्या, गाव वर यायच्या आत त्यो कागद जिथनं आणलास तिथं ठिवून ये," आजी एवढंच म्हणते आणि भाकरी थापत राहते.

इथून पुढे आम्ही बोलणार नाही. मुद्रितं तपासताना आमच्यातल्या दोघांचा त्या अंगठ्यावरून वाद झाला होता आणि दोघंही चुकले, एवढं सांगायला हरकत नाही.

धरणावर लिहायचं म्हणजे हुंदके आलेच, असं वाटत असेल तर ही कादंबरी हातात घ्याच. भूसंपादन कार्यालयातली प्रकरणं वाचताना हसू येतं. कपाटाची किल्ली रजेवर गेलेल्या माणसाच्या खिशात असते, हे ज्यांनी भोगलंय त्यांना जरा जास्तच. सुरुवातीची चाळीसेक पानं मात्र संथ आहेत, पाणी जसं इंचाइंचाने उतरतं तशी. ती चाळून पुढे जाऊ नका. जात्याचा तुटका खुंटा तिथेच दिसतो.

इंदापूर-करमाळा पट्ट्यातल्या बोलीत वाढलेल्या लेखिकेची ही पहिलीच कादंबरी. पानं 232, किंमत 320 रुपये. पहिली आवृत्ती या आठवड्यापासून पुस्तकांच्या दुकानांत.

आणि हो, शेवटचं प्रकरण आधी उघडायची सवय असेल, तर त्याचं नाव नुसतं 'पाणीपातळी' आहे. त्यावरून काही कळणार नाही.