इन्कम टॅक्सचा आख्खा चॅप्टर दोन पानांत (असेसमेंट इयर 2026-27)

दांडिया बाजारच्या क्लासमधल्या मंडळींसाठी. पुस्तक वाचून झालं असेल तरच हे वाचा, नाहीतर डोक्यावरून जाईल. थिअरी टाकली नाहीये, कारण मार्क कॉम्प्युटेशनच्या क्रमातच जातात.

फॉरमॅट. पाठ करायचा, इलाज नाही.

सॅलरी (एक्झेम्प्ट अलाउन्सेस वजा, मग स्टँडर्ड डिडक्शन आणि प्रोफेशनल टॅक्स वजा)
+ हाउस प्रॉपर्टी
+ बिझनेस
+ कॅपिटल गेन
+ इतर उत्पन्न
क्लबिंग, मग लॉसचा सेट-ऑफ
= ग्रॉस टोटल इन्कम
− चॅप्टर सहा-ए ची डिडक्शन्स
= टोटल इन्कम (जवळच्या दहा रुपयांत राउंड)
स्लॅबने टॅक्स, स्पेशल रेटवाल्याचा वेगळा
− 87ए रिबेट
+ सरचार्ज (50 लाखांच्या वर)
+ 4% सेस
− टीडीएस, अ‍ॅडव्हान्स टॅक्स

एचआरए वरच्या सॅलरीतच सुटतो, 80सी खाली ग्रॉस टोटलनंतर, आणि रिबेट सेसच्या आधी. निम्मी पोरं या तीनमध्येच आपटतात.

स्लॅब, न्यू रेजिम: 4 लाखांपर्यंत शून्य, मग दर 4 लाखांना 5, 10, 15, 20, 25 टक्के, 24 लाखांवर 30. ओल्ड (60 वर्षांखालचे): 2.5 लाखांपर्यंत शून्य, 5 पर्यंत 5%, 10 पर्यंत 20%, पुढे 30%. रिबेट न्यूमध्ये 12 लाखांपर्यंत (जास्तीत जास्त 60,000), ओल्डमध्ये 5 लाखांपर्यंत (12,500).

डिडक्शन्स. 80सी म्हणजे पीएफ, पीपीएफ, एलआयसी, मुलांची ट्यूशन फी, होम लोनचं मुद्दल, सगळं मिळून दीड लाख. एनपीएसचे जादा 50,000 80सीसीडी(1बी) मध्ये. 80डी मेडिक्लेम स्वतःचा 25,000, आईवडील सीनियर असतील तर त्यांचा वेगळा 50,000, पण प्रीमियम कॅशने भरला तर काही नाही. एज्युकेशन लोनच्या व्याजाला 80ई, लिमिट नाही, फक्त व्याज. 80टीटीए मध्ये सेव्हिंगचं व्याज 10,000 पर्यंत, एफडीचं नाही बरं का, ते सीनियरला 80टीटीबीत मिळतं. न्यू रेजिममध्ये यातलं काहीच नाही, मोठं असं फक्त एम्प्लॉयरचं एनपीएस, 80सीसीडी(2), आणि स्टँडर्ड डिडक्शन तिथे 75,000 (ओल्डला 50,000).

सापळे. बडोदा मेट्रो नाही, एचआरएला 40% च धरायचं, 50% फक्त मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नईला, आणि पेपर काढणारे मुद्दाम बडोदा किंवा पुणे टाकतात. गुजरातचा प्रोफेशनल टॅक्स ओल्डमध्ये वजा होतो, न्यूमध्ये नाही. राहत्या घराच्या लोनचं व्याज न्यूमध्ये विसरा. शेअर्सच्या स्पेशल रेट गेनवर न्यूमध्ये 87ए लागत नाही, एकूण 12 लाखांच्या आत असलं तरी, यावर वर्गात केवढी भांडणं झालीत.

आता उदाहरण. केदार, वय 34, बडोद्यात नोकरी. महिन्याला बेसिक 50,000, एचआरए 20,000, स्पेशल अलाउन्स 30,000. रावपुऱ्यात भाडं 15,000. प्रोफेशनल टॅक्स वर्षाचा 2,400. सेव्हिंगचं व्याज 8,000, एफडीचं 42,000. पीएफ 72,000, पीपीएफ 50,000, एलआयसी 40,000. मेडिक्लेम स्वतःचा 22,000, 64 वर्षांच्या बाबांचा 38,000, दोन्ही ऑनलाइन भरलेले.

एचआरए आधी: मिळालेला 2,40,000, भाडं 1,80,000 वजा बेसिकचे 10% म्हणजे 60,000, राहिले 1,20,000, बेसिकचे 40% म्हणजे 2,40,000. सगळ्यात कमी 1,20,000, तेवढं एक्झेम्प्ट.

ओल्ड: 12,00,000 − 1,20,000 − 50,000 − 2,400 = 10,27,600. व्याज 50,000 मिळवून ग्रॉस टोटल 10,77,600. 80सी बेरीज 1,62,000 येते पण दीड लाखच घ्यायचे, 80डी 60,000, 80टीटीए 8,000, म्हणजे 2,18,000. टोटल इन्कम 8,59,600. टॅक्स 12,500 + 3,59,600 चे 20% म्हणजे 71,920 = 84,420. सेस धरून 87,796.80, राउंड 87,800.

न्यू, इथे एचआरएही सुटत नाही: 12,00,000 − 75,000 + 50,000 = 11,75,000. टॅक्स 20,000 + 37,500 = 57,500, रिबेट पूर्ण 57,500, भरायचं शून्य. म्हणजे एवढं एलआयसी-मेडिक्लेम करून ओल्डमध्ये 87,800 आणि काहीही न करता न्यूमध्ये शून्य.

आता खरी गंमत. समजा एफडीचं व्याज 42,000 ऐवजी 92,000 आहे. न्यूमध्ये इन्कम 12,25,000, रिबेट गेला, टॅक्स 60,000 + 3,750 = 63,750. 12 लाखांवर 25,000 जास्त झाले आणि 63,750 भरायचे? नाही, इथे मार्जिनल रिलीफ: टॅक्स 12 लाखांवरच्या रकमेपेक्षा जास्त होत नाही, म्हणून टॅक्स 25,000, सेस 1,000, एकूण 26,000. ही एक ओळ लिहायची राहिली तर उत्तर 66,300 येतं, आणि बाकी सगळं बरोबर असूनही मार्क गेले.