वार्षिकांकाच्या संपादक मंडळासाठी शुद्धलेखनाचा सराव: ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार

यंदाच्या वार्षिकांकाचा मजकूर तपासायला बसणाऱ्या सर्वांनी हा संच शनिवारच्या बैठकीपूर्वी सोडवून आणावा. उत्तरे शेवटी दिली आहेत. आधी पेन्सिलीने लिहा, मग पान उलटा. उलट क्रमाने केले तर सगळेच सोपे वाटते आणि काहीच लक्षात राहत नाही.

आपला अंक मराठी साहित्य महामंडळाचे नियम पाळतो. त्यांतले चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये मान्य केले आणि १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. अठराही पाठ करायची गरज नाही. ऱ्हस्व-दीर्घ ठरवताना पहिला प्रश्न एकच: शब्द मराठी आहे की तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला? या एका प्रश्नाचे उत्तर आले की अर्ध्याहून अधिक चुका आपोआप टळतात. संगणकाच्या लाल रेघेवर मात्र विसंबू नका. 'दिन' आणि 'दीन' हे दोन्ही शब्द तिला बरोबरच वाटतात.

सराव १. कंसातले योग्य रूप निवडा.

मराठी शब्द अकारान्त असेल तर शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ: वीट, खीर, दूध, कापूस. त्याच शब्दाला प्रत्यय लागला, की हा दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो: विटेवर, खिरीत, दुधाने. तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर मधला ई-ऊ जाऊन तिथे 'अ' येतो: कापूस, कापसाचा.

१. (विहीरीचे / विहिरीचे) पाणी (मीठासारखे / मिठासारखे) खारट लागले.
२. त्या (फूलाचा / फुलाचा) वास (खुप / खूप) वेळ दरवळत राहिला.
३. (वकीलांनी / वकिलांनी) (जमीनीची / जमिनीची) कागदपत्रे मागितली.
४. ती (बहीणीची / बहिणीची) वाट पाहत (खीडकीत / खिडकीत) बसली.
५. पाच (तारीखेला / तारखेला) (लाकूडाची / लाकडाची) पेटी पोचली.
६. (देऊळात / देवळात) जायला (ऊशीर / उशीर) झाला.

सराव २. इथे तत्सम शब्द आहेत. आधीच्या सरावाची सवय बाजूला ठेवा.

तत्सम शब्द मूळचे ऱ्हस्व-दीर्घ सोडत नाहीत, प्रत्यय लागला तरी.

१. (शरिराला / शरीराला) विश्रांती हवी.
२. (परिक्षेचा / परीक्षेचा) निकाल लागला, (प्रतिक्षा / प्रतीक्षा) संपली.
३. (संगिताच्या / संगीताच्या) वर्गात (शुन्य / शून्य) उपस्थिती होती.
४. आजोबांचे (आशिर्वाद / आशीर्वाद) घेतले.
५. या (मंदीरात / मंदिरात) सगळे (सुखाने / सूखाने) येतात.
६. नव्या (उर्जेने / ऊर्जेने) कामाला लागलो.

सराव ३. शेवटचा स्वर तपासा. बरोबर शब्दापुढे खूण करा, चुकलेला दुरुस्त करा.

कवि, हेतु, वस्तू, आणी, गती, परंतू, पशु, तथापि, विनंती, गुरु.

सराव ४. समासात पहिल्या शब्दाचे काय होते?

मराठीत आपण 'कवी' दीर्घ लिहितो, पण तो शब्द संस्कृतात 'कवि' आहे. समासात पहिले पद झाले, की तो मूळ रूपाकडे परततो. संस्कृतातच दीर्घ असलेला शब्द समासातही दीर्घच राहतो. पुढच्यांपैकी तीन शब्द बरोबर आहेत, पाच चुकले आहेत.

कवीसंमेलन, लघूकथा, भूमिपूजन, मंत्रीमंडळ, वधूवर, बुद्धीवाद, नदीतीर, पक्षीमित्र.

सराव ५. वाक्यावरून शब्द ओळखा.

१. स्वातंत्र्य (दिन / दीन) साजरा झाला.
२. (दिन / दीन) जनांना मदत करा.
३. कपाळावरची (शिर / शीर) ताठ झाली.
४. (सुर / सूर) आणि असुर यांचे युद्ध झाले.
५. पेटीचा (सुर / सूर) उतरला होता.

सराव ६. अनुस्वार ठेवा किंवा काढा.

जुन्या पुस्तकांत 'घरें', 'केलें', 'नांव' असे छापलेले दिसते. ते अनुस्वार आज उच्चारात नाहीत, म्हणून लिहायचेही नाहीत. निकष कानाचा: शब्द मोठ्याने म्हणा, नाकातला आवाज स्पष्ट ऐकू आला तर टिंब द्या. काही जणांना 'तेंव्हा' असाच ऐकू येतो, त्यांनी या शब्दापुरता कानावर विश्वास ठेवू नये.

नांव, पांढरा, कांही, चिंच, तेंव्हा, धांवणे, भांडण, पांच, सांज, हंसणे, जेंव्हा, गांव, लिंबू, नाहीं.

शेवटून दुसरा शब्द नीट पाहा. 'लिंबू', 'चिंच', 'उंच' यांत अनुस्वाराआधीचा स्वर ऱ्हस्व आहे. मराठी शब्दात अनुस्वार किंवा जोडाक्षर यांच्याआधीचा इकार-उकार साधारणपणे ऱ्हस्वच असतो: सुंठ, डुक्कर, विस्तव. 'तीक्ष्ण', 'मूर्ख', 'पूर्ण' हे तत्सम, त्यांना हे लागू नाही.

सराव ७. एक की अनेक?

या सरावाला सर्वांत जास्त वेळ द्या. आलेल्या लेखांत सर्वाधिक चुका इथेच आहेत, आणि ही चूक अर्थ बदलते. अनेकवचनी नामाला वा सर्वनामाला प्रत्यय लागताना अनुस्वार येतो. आदरार्थी बहुवचनालाही तोच नियम.

(अ) प्रत्येक जोडीतला फरक एका ओळीत लिहा.

१. शिक्षकाच्या सूचना ऐका. / शिक्षकांच्या सूचना ऐका.
२. त्या घरात दिवा नाही. / त्या घरांत दिवा नाही.
३. त्याचा फोन आला. / त्यांचा फोन आला.

(आ) चुका दुरुस्त करा.

१. प्राचार्यानी मुलाना पुस्तके वाटली.
२. काकूना विचार, त्या सांगतील.
३. माझ्या आजोबाचे अक्षर मोत्यासारखे होते.
४. गेल्या चार दिवसात एकही लेख आला नाही.
५. त्यानी स्वतः येऊन सही केली.
६. मी एका मुलांला हाक मारली.

सराव ८. टिंब की पूर्ण अक्षर?

'अंक' म्हणताना टिंबाचा उच्चार ङ्, 'संच' मध्ये ञ्, 'खंड' मध्ये ण्, 'संताप' मध्ये न्, 'संपादक' मध्ये म्. टिंब एकच, उच्चार पुढच्या अक्षराप्रमाणे. तत्सम शब्दांत 'सन्ताप', 'सम्पादक' असे परसवर्णाने लिहिलेले चालते. मराठी शब्दांत नाही. आपल्या अंकात सगळीकडे टिंबच द्यायचे आहे. अपवाद फक्त जिथे अर्थाचा घोटाळा होतो तिथे.

(अ) अर्थ सांगा: वेदांत / वेदान्त, देहांत / देहान्त.

(आ) बरोबर रूप निवडा: (सिंह / सिंव्ह), (संवाद / सव्वांद), (संन्यास / सन्यास), (सन्मान / संन्मान), (संयम / सय्यंम).

सराव ९. खालचा वृत्तान्त छपाईला जाण्यायोग्य करा.

चौदा शब्द चुकले आहेत. त्यांपैकी एका शब्दात दोन चुका आहेत. बरोबर शब्द दुरुस्त केलात तर तीही चूकच धरली जाईल.

> आमच्या महाविद्यालयाचे स्नेहसंमेलन जानेवारी महीन्यात पार पडले. पहिल्या दिवशी क्रिडास्पर्धा झाल्या आणी दुसऱ्या दिवशी सांस्कृतीक कार्यक्रम. प्राचार्यानी दिप उजळून उद्घाटन केले. तेंव्हा अवकाळी पाउस सुरू झाला, म्हणुन मंडपातल्या खुर्च्या सभागृहात हलवाव्या लागल्या. विद्यार्थीप्रतिनीधीने पाहुण्यांचे स्वागत केले. परिक्षकांनी निकाल सांगितला. सर्वच नाटकांत नाविन्य होते, असे त्यांचे मत पडले. रात्री उशीरा बक्षिस समारंभ संपला.

उत्तरे

सराव १: विहिरीचे, मिठासारखे, फुलाचा, खूप, वकिलांनी, जमिनीची, बहिणीची, खिडकीत, तारखेला, लाकडाची, देवळात, उशीर. 'खूप' ला प्रत्यय नाही, म्हणून तो दीर्घच. 'खिडकी' त शेवटचे अक्षर 'की'; 'खि' ला दीर्घ करण्याचे काही कारण नाही.

सराव २: शरीराला, परीक्षेचा, प्रतीक्षा, संगीताच्या, शून्य, आशीर्वाद, मंदिरात, सुखाने, ऊर्जेने. 'मंदिर' आणि 'सुख' अकारान्त असूनही ऱ्हस्व, कारण ते तत्सम आहेत. इथे 'मंदीर' लिहिणाऱ्यांनी पहिल्या सरावाचा नियम तत्सम शब्दाला लावला.

सराव ३: कवी, हेतू, आणि, परंतु, पशू, गुरू असे दुरुस्त. वस्तू, गती, तथापि, विनंती बरोबर. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात; 'आणि' आणि 'नि' हे या नियमाचे अपवाद आहेत. 'परंतु', 'तथापि' ही तत्सम अव्यये असल्यामुळे ऱ्हस्वान्त.

सराव ४: कविसंमेलन, लघुकथा, मंत्रिमंडळ, बुद्धिवाद, पक्षिमित्र. भूमिपूजन, वधूवर, नदीतीर जसेच्या तसे. 'मंत्री', 'पक्षी', 'विद्यार्थी' हे मूळचे इन्-अन्त शब्द, म्हणून समासात ऱ्हस्व. 'विद्यार्थिप्रतिनिधी' डोळ्यांना खटकतो हे मान्य, पण नियम बदलेपर्यंत अंकात तसाच जाईल.

सराव ५: दिन, दीन, शीर, सुर, सूर. 'शिर' म्हणजे डोके, 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'सुर' म्हणजे देव.

सराव ६: नाव, काही, तेव्हा, धावणे, पाच, हसणे, जेव्हा, गाव, नाही. पांढरा, चिंच, भांडण, सांज, लिंबू यांचे टिंब राहू द्या.

सराव ७ (अ): पहिल्या जोडीत एका शिक्षकाच्या सूचना आणि अनेक शिक्षकांच्या, एकाच शिक्षकांविषयी आदराने बोलत असाल तरीही दुसरेच रूप. दुसऱ्या जोडीत एक घर आणि अनेक घरे. 'त्या' हे विशेषण दोन्हींकडे सारखेच, म्हणून फरक फक्त टिंबाने कळतो. तिसऱ्या जोडीत 'त्याचा' म्हणजे मित्राचा वगैरे, 'त्यांचा' म्हणजे अनेकांचा किंवा थोरामोठ्यांचा.

(आ): प्राचार्यांनी, मुलांना, काकूंना, आजोबांचे, दिवसांत, त्यांनी, मुलाला. पाचव्यात 'त्यानी' असे रूपच नाही: एक असेल तर 'त्याने', अनेक वा आदरणीय असतील तर 'त्यांनी'. सहावे वाक्य मुद्दाम उलटे दिले आहे. टिंबे वाटत सुटण्याची खोडही तितकीच वाईट.

सराव ८ (अ): 'वेदांत' म्हणजे वेदांमध्ये, 'वेदान्त' हे तत्त्वज्ञान. 'देहांत' म्हणजे शरीरांमध्ये, 'देहान्त' म्हणजे मृत्यू. श्रद्धांजलीच्या लेखात हा फरक चुकवू नका.

(आ): सिंह, संवाद, संन्यास, सन्मान, संयम. य, र, ल, व, श, स, ह यांच्याआधी फक्त टिंब. उच्चारात 'व' ऐकू आला म्हणून तो अक्षरात आणायचा नाही. 'संन्यास' हा सम् आणि न्यास यांचा, म्हणून टिंबही आणि 'न्या'ही. 'सन्मान' हा सत् आणि मान यांचा. तिथला 'न्' हा 'त्' चा झाला आहे, टिंबाला जागाच नाही.

सराव ९: महिन्यात, क्रीडास्पर्धा, आणि, सांस्कृतिक, प्राचार्यांनी, दीप, तेव्हा, पाऊस, म्हणून, विद्यार्थिप्रतिनिधीने (इथे दोन चुका), परीक्षकांनी, नावीन्य, उशिरा, बक्षीस. 'नाटकांत' वरचे टिंब काढले असेल तर परत द्या. नाटके अनेक होती. 'सुरू' ला हात लावला असेल तर तोही पूर्ववत करा, तो दोन्ही ठिकाणी बरोबर आहे: पहिला उकार ऱ्हस्व, शेवटचा दीर्घ.